आधी शिवण, मग खड्डे, नाव सगळ्यात शेवटी

(एका वाचनालयाच्या सभागृहात, कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'कोळशाची इस्त्री आणि बिडाची भांडी: वय कसं ओळखावं'. संयोजक मला ओळखून आहेत, म्हणून त्यांनी समोर घड्याळ ठेवलंय. मी ते उपडं करून ठेवलंय.

समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या ओतकामाच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले दिसतात. त्यांच्यासाठी कोप, ड्रॅग, रनर, रायझर समजावत बसत नाही. ज्यांचा फाउंड्रीशी संबंध नाही त्यांनी शेजारच्याला विचारावं, तो तुम्हाला घरी पोहोचेपर्यंत सोडणार नाही. एवढंच सांगतो की वाळूच्या दोन पेट्या एकमेकींवर बसतात, त्यांच्या सांध्यात थोडं बीड शिरतं आणि वस्तूवर एक बारीक उंचवटा राहतो. त्याला मी शिवण म्हणणार आहे. ही शिवण प्रत्येक कारखाना घासून काढतो. कशानं घासली, हे मात्र त्याला लपवता येत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. जुनी इस्त्री हातात आली की सगळे आधी नाव वाचतात. नाव सगळ्यात शेवटी वाचावं. कारण नाव पॅटर्नवर, म्हणजे वाळूत दाबून साचा उमटवायच्या नमुन्यावर असतं. जो कोणी ती इस्त्री पॅटर्न म्हणून वाळूत दाबेल, त्याला ते नाव फुकट मिळतं, नंबरासकट.

आता इथे मला एका दुकानदाराबद्दल बोलायचंय. गाव सांगत नाही. या गृहस्थांकडे सगळंच 'ब्रिटिशकालीन' असतं. एकदा त्यांनी मला एक सपाट इस्त्री दाखवली, कोळशाची नव्हे, ती चुलीवर तापवायची भरीव असते ना, तसली. वर ठळक सात ओतलेला. म्हणाले, "साहेब, १९०७ ची." म्हटलं, शेजारी आठची दिसते, ती १९०८ ची का? तर म्हणाले, "हो, धाकटी बहीण." मंडळी, तो आकडा मापाचा असतो. अमेरिकन तव्यांवरचा आठसुद्धा मापाचाच, पूर्वीच्या चुलाण्याच्या भोकाला जुळणारा. पण या हिशोबानं त्यांनी किती धाकट्या बहिणी विकल्या असतील, देव जाणे.

ह्याच गृहस्थांनी पुढे मला जी इस्त्री दाखवली तिच्यामुळे हे व्याख्यान जन्माला आलं. कोळशाची, बिडाची, पुढच्या कडीवर कोंबडा, झाकणावर इंग्लंडचं नाव आणि त्याखाली 'आरडी नं.', म्हणजे नोंदणीचा नंबर, लिहून सहा आकडी संख्या, सुरुवात सतराने. दुकानदारांनी ह्यावेळी अभ्यास केला होता. म्हणाले, "१८९१. पक्की." आणि गंमत म्हणजे ह्यात त्यांचं गणित बरोबर होतं!

इंग्लंडमध्ये १८४२ पासून १८८३ पर्यंत नोंदवलेल्या डिझाइनवर एक चौकट टाकायचे, पत्त्यातल्या चौकटसारखी. डोक्यावर गोलात रोमन एक असला तर वस्तू धातूची. चार कोपऱ्यांत वर्ष, महिना, दिवस आणि नोंदीची जुडी यांची अक्षरं-आकडे. १८६७ पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात असायचं, १८६८ पासून ते उजव्या कोपऱ्यात गेलं. ही जागा पाहिली नाही तर गोंधळ होतो, कारण अक्षरं तीच पुन्हा वापरली. वर 'एक्स' असेल तर १८४२, उजवीकडे 'एक्स' असेल तर १८६८. मग १८८४ पासून चौकट गेली आणि सरळ एकपासून नंबर सुरू झाले. १८९१ ची सुरुवात १६३७६७ ने झाली आणि १८९२ ची १८५७१३ ने. म्हणजे सतराने सुरू होणारा सहा आकडी नंबर १८९१ चाच.

पण तो नंबर कशाचा? नमुना नोंदवल्याचा. वस्तू त्याआधीची नसणार, एवढंच तो सांगतो. त्यानंतर किती वर्षांनी ती ओतली, आणि कोणी ओतली, ह्यावर तो गप्प आहे.

मग मी इस्त्री उलटी केली. (दुकानदाराचा चेहराही जरा उलटा झाला.) झाकणाच्या कडेची शिवण घासलेली होती, आणि त्या घासण्याच्या रेघा कमानीसारख्या वळलेल्या, एकमेकींवर चढलेल्या. कानशीनं घासलं की रेघा सरळ आणि साधारण समांतर येतात. एका जागी बसवलेल्या मोठ्या चाकावर धरून घासलं तरी रेघा एका दिशेला जातात. अशा छोट्या, फिरत्या कमानी हातातल्या ग्राइंडरच्या चकतीच्या, आणि तो ग्राइंडर बाजारात आला १९५० च्या दशकात. मूठ धरणारे स्क्रू पाहिले तर फुलीचे. फुलीच्या स्क्रूचं अमेरिकेतलं पेटंट १९३६ चं. स्क्रू बदललेला असू शकतो, म्हणून मी त्याला अर्धाच साक्षीदार मानतो. शिवण मात्र कोणी बदलत नाही.

दुकानदार म्हणाले, "शिवण कोणी नंतर घासली असेल." मुद्दा रास्त होता. म्हणून मापं घ्यायला व्हर्नियर काढला.

हे पॅटर्नवाल्यांना सांगायला नकोच, पण बाकीच्यांसाठी सांगतो. बीड थिजताना आणि थंड होताना आकसतं, साधारण एक टक्का. फुटाला एक अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्न करणारा मिस्त्री वेगळी पट्टी वापरतो, जिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढा लांब असतो. आता तयार इस्त्रीच पॅटर्न म्हणून वापरली तर ही वाढ कुठून येणार? नवी इस्त्री मूळ इस्त्रीपेक्षा एक टक्क्यानं लहान निघते. तिच्यावरून तिसरी काढली तर दोन टक्क्यांनी. आणि प्रत्येक पिढीत अक्षरांच्या कडा बोथट होतात, कारण वाळू बारीक कोपऱ्यात नीट दबत नाही आणि दबली तरी पॅटर्न उचलताना तुटते.

माझ्या एका मित्राकडे ह्याच नमुन्याची, ह्याच नंबराची इस्त्री आहे. अक्षरं धारदार, कानशीच्या रेघा सरळ, स्क्रू एका खाचेचे. तिच्या झाकणावर मुठीचे दोन खांब ज्या उंचवट्यांवर बसतात त्यांच्या मध्यांमधलं अंतर १२० मिलिमीटर. दुकानातल्या इस्त्रीवर ते ११८.८ भरलं. तळाची लांबी मोजू नका, ती घासून आणि वापरून कमी होते. झिजत नाहीत अशाच जागा धरा. आणि एका मापावर विसंबूही नका. खपाच्या मालाला कारखाना दोन-तीन पॅटर्न ठेवायचा, त्यांत थोडाफार फरक पडतोच. मी लांबी, रुंदी आणि अक्षरांच्या ओळीची लांबी अशी तीन मापं घेतली, आणि तिन्ही सारख्याच प्रमाणात कमी भरली. तेव्हा तो फरक आकसण्याचा.

तर नोंद १८९१ ची, इस्त्री १९५० नंतरची. दुकानदार म्हणाले, "मग आता ही व्हिंटेज म्हणून विकतो." धंदा म्हणजे धंदा.

आता खड्डे. ह्यावर अर्धा तास बोलायचं होतं. (संयोजक दाराशी उभे राहिलेत, मला दिसतंय.) पृष्ठभागावरचा प्रत्येक खड्डा गंजाचा नसतो. ओततानाच हवेचा बुडबुडा किंवा वाळूचा कण अडकला तर जी जागा राहते तिच्या भिंती गुळगुळीत असतात आणि आजूबाजूची कातडी त्यात न तुटता उतरते. गंजाच्या खड्ड्याची कड तुटकी, दातेरी, आणि आत तो कधीकधी रुंदावलेला. खरा जुना गंज जागा निवडतो. कोळशाच्या इस्त्रीत तो पेटीच्या आतल्या कोपऱ्यांत आणि जाळीखाली मिळेल, जिथे राख साठायची आणि पावसाळ्यात ओल धरायची. तळाचा मधला भाग मात्र कपड्यांवर फिरून काचेसारखा असतो. आम्लात बुडवून म्हातारी केलेली इस्त्री सगळीकडे सारखीच खाल्लेली दिसते, तळ, मुठीखाली, कोंबड्याच्या शेपटीतही. कपड्यावर फिरलेला तळ आणि न फिरलेलं झाकण सारखेच खडबडीत असतील तर इस्त्री परत ठेवा.

एक अपवाद. वर्षानुवर्षं मातीत किंवा खाऱ्या पाण्यात पडलेल्या बिडातलं लोखंड निघून जातं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा उरतो. आकार जसाच्या तसा दिसतो, पण नखानं ओरखडलं तर काळं निघतं. तिथे वायर ब्रश मारलात तर अक्षरं ब्रशबरोबर घरी जातील.

पाच मिनिटं दिलीत, ठीक आहे. भांडी. खरं तर पत्रिकेत ती इस्त्रीइतकीच मोठी छापलीत.

भांडं पालथं घाला. तळाच्या मधोमध एक उभारलेली, तुटल्यासारखी रेघ असेल तर बीड तिथूनच ओतलं होतं आणि थंड झाल्यावर ती जीभ तोडली होती. रेघेऐवजी गोल वण असेल तर पद्धत आणखी जुनी. अमेरिकेत तळाची रेघ साधारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत मागे पडली, कारण बाजूच्या कडेतून ओतायला लागले. म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या ग्रिस्वोल्ड कंपनीच्या गुळगुळीत तव्यावर ती सापडत नाही, आणि बिनानावाच्या जुन्या हंड्यावर सापडते. पोटावरून उभी शिवण गेलेल्या हंड्याचा पॅटर्न दोन फाकांत होता, कारण फुगीर पोट एका बाजूनं वाळूतून निघत नाही.

आपल्याकडे मात्र ही मोजपट्टी चालत नाही. छोट्या भट्टीवाल्याला तळातून ओतणं सोयीचं असेल तर तो आजही तसंच ओततो. त्यामुळे आपल्या आप्पेपात्राच्या तळावर रेघ दिसली म्हणून पणजीचं ठरवू नका. त्यासाठी आतली बाजू पाहा. जुन्या चांगल्या तव्याची आतली बाजू दगडावर घासून सपाट केलेली असते, तिरका उजेड टाकला की गोल फेऱ्या दिसतात. आजचा यंत्रावर ओतलेला तवा बहुधा न घासताच विकतात, म्हणून तो वाळूसारखा खरखरीत लागतो. आणि नावाच्या खाली देश लिहिला आहे का तेही पाहा. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव १८९१ पासून सक्तीचं झालं, 'मेड इन' लावून पूर्ण लिहायची पद्धत त्यानंतर रुळली. नुसतं 'इंग्लंड' आणि 'मेड इन इंग्लंड' ह्यांत म्हणून फरक करा.

घड्याळ आता कोणीतरी सरळ केलंय. ज्यांनी पिशवीतून काही आणलंय त्यांनी डावीकडच्या टेबलावर या, टॉर्च आणि व्हर्नियर तिथे आहे. तवा तेलकट असला तरी चालेल, पण कृपा करून ग्राइंडर मारून आणलेला नको. मागच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी आजोबांची इस्त्री माझ्यासाठी खास चकचकीत करून आणली होती. शिवण, खड्डे, नाव, तिन्ही गेलं होतं. मी तिचं वजन तेवढं सांगू शकलो.