सुकेळीचा खरा हिशोब

(दृश्य: फैजपूर-सावदा रस्ता, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. एका पत्र्याच्या शेडचं शटर वर जातं.)

फैजपूर-सावदा पट्ट्यात केळीला तोटा नाही. भाव पडला की माल कवडीमोल होतो, म्हणून इथं प्रक्रियेचे छोटे उद्योग उभे राहिले. हे शेड त्यांपैकीच एक. जागा सहाशे चौरस फूट, भाडं महिन्याला 12,000 रुपये. एकाच छताखाली तीन माल निघतात: केळीचे वेफर्स, सुकेळी आणि खानदेशी काळा मसाला. विजेचा मीटरही तिघांत एकच. हिशोब समजायला सोपा जावा म्हणून पुढचे आकडे आपण गोल केले आहेत.

महिन्याची विक्री अडीच लाखांची. वेफर्स 1,20,000, सुकेळी 80,000, मसाला 50,000. कच्चा माल, तेल, गॅस, पाकिटं आणि किलोमागे दिली जाणारी मजुरी वजा केली, की वेफर्सचे 24,000 उरतात, सुकेळीचे 28,000 आणि मसाल्याचे 14,000. इथपर्यंत वाद नाही, कारण हे खर्च कोणत्या मालाचे ते उघड दिसतं.

अडतं ते भाडं आणि वीजबिलापाशी. दोन्ही मिळून 23,800 रुपये. बऱ्याच ठिकाणी ते विक्रीच्या प्रमाणात वाटतात. ज्याची विक्री जास्त, त्याच्यावर बोजा जास्त. इथंही तसंच चालायचं. त्या वाटणीत वेफर्सचा नफा उरायचा साधारण साडेबारा हजार आणि सुकेळीचा वीस हजारांच्या वर. सगळ्यांना वाटायचं, सुकेळीवरच शेड चाललंय.

(दृश्य: ड्रायरचं दार उघडतं. जाळीच्या ट्रेवर केळीचे काप.)

आता या यंत्राकडे नीट बघा. हा विजेवर चालणारा ड्रायर. साठ किलो सोललेली केळी आत जातात आणि सोळा तासांनी सोळा किलो सुकेळी बाहेर येते. मधलं बहुतेक वजन पाण्याचं, आणि ते उडवायला वीज लागते. वेफर्सची कढई मात्र गॅसवर. तिथं विजेवर चालतं ते फक्त काप करणारं एक हॉर्सपॉवरचं मशीन. विक्रीला मोठा असणारा माल विजेला मोठा असेलच असं नाही.

मग वीज मोजायची कशी? प्लेटवर लिहिलेल्या किलोवॅटवर जाऊ नका. या ड्रायरच्या प्लेटवर सहा किलोवॅट आहेत, म्हणजे सोळा तासांचे 96 युनिट व्हायला हवेत. पण आतलं तापमान गाठलं की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, थंड पडलं की पुन्हा चालू करतो. ड्रायरच्या लाइनवर साधा सबमीटर बसवला तेव्हा एका बॅचला 64 युनिट निघाले. सबमीटर नसेल, तर एका रात्री बाकी सगळं बंद ठेवून फक्त ड्रायर चालवायचा आणि मुख्य मीटरचं आधीचं व नंतरचं रीडिंग लिहून ठेवायचं.

महिन्यात पंधरा बॅच, म्हणजे 960 युनिट. मसाल्याच्या पल्व्हरायझरचे 80, वेफर्सच्या मशीनचे 60. दिवे, पंखे, काटा, पाकिटं सील करायचं मशीन मिळून 100. बेरीज 1,200, आणि बिलावरही तेवढेच युनिट. ही जुळणी झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. शंभर-दीडशे युनिटचा मेळ बसत नसेल, तर शेडमध्ये कुठलं तरी यंत्र कुणाच्या हिशोबात न येता चालू आहे.

(दृश्य: वीजबिल, बोट एकेका ओळीवरून खाली सरकतं.)

बिल 11,800 रुपयांचं. त्यातला स्थिर आकार हजार रुपयांचा. यंत्र चालो वा न चालो, तो येणारच. तो बाजूला काढायचा. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क हे सगळं धरून उरले 10,800. त्याला 1,200 युनिटनं भागलं की युनिट पडलं नऊ रुपयांना. म्हणजे सुकेळीची वीज 8,640 रुपये, मसाल्याची 720, वेफर्सची 540. ही वीज माल वाढला की वाढते, थांबला की थांबते. म्हणून ती मालाच्या खर्चातच धरायची. ती वजा जाता विक्रीतून जे हाती उरतं, ते त्या मालाचं कॉन्ट्रिब्युशन: वेफर्सचं 23,460, सुकेळीचं 19,360 आणि मसाल्याचं 13,280. क्रम इथंच बदलला.

भाड्याचं गणित वेगळं. ते जागेवर वाटायचं. चौरस फुटाला वीस रुपये. ड्रायर, ट्रेचे रॅक आणि सोलायचं टेबल मिळून 240 फूट, वेफर्सला 200, मसाल्याला 60. उरलेले शंभर फूट धुण्याची मोरी आणि ये-जा करायची वाट. त्यांचं भाडं कुणाच्याच माथी मारलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. दिव्यांची वीज, स्थिर आकार आणि या मोकळ्या जागेचं भाडं मिळून 3,900 रुपये होतात. ते सामाईक म्हणून शेवटी एकरकमी वजा करायचे. ओढूनताणून वाटले तर आकडा अचूक दिसतो, पण होत नाही. उन्हाळ्यात मसाल्याची मिरची वेफर्सच्या जागेत पसरतात, तेव्हा नुसते फूट पुरत नाहीत. किती फूट, किती दिवस, असा गुणाकार करावा लागतो.

भाडं गेल्यावर वेफर्सचे 19,460 राहतात, सुकेळीचे 14,560, मसाल्याचे 12,080. सामाईक खर्च वजा करून शेडचा नफा 42,200. जुन्या वाटणीतही बेरीज हीच होती.

हा तक्ता पाहून कुणी म्हणेल, सुकेळी बंद करा. तसं केलं तर घरमालक 4,800 रुपये कमी घेणार नाही. ड्रायरची जागा रिकामी राहील आणि महिन्याला 19,360 रुपये हातचे जातील. चालू ठेवायचं की बंद करायचं हे ठरवताना भाडं बाजूला ठेवून कॉन्ट्रिब्युशनच बघायचं. त्या 240 फुटांत दुसरं काही यापेक्षा जास्त देणार असेल, तरच सुकेळीनं जागा सोडावी.

(दृश्य: शेडच्या दाराशी मोटारसायकल. शेड चालवणाऱ्या ताई आणि एक व्यापारी.)

"ताई, दोन क्विंटल जादा घेतो. अडीचशेनं लावा."

ताईंची सुकेळी एरवी 333 रुपये किलोनं जाते. थेट खर्च किलोला 217. जुन्या वाटणीत विजेचे सोळा रुपये पडायचे, म्हणजे 233. त्या हिशोबानं अडीचशेला सतरा रुपये सुटतात आणि सौदा बरा वाटतो. पण खरी वीज किलोला 36 रुपयांची. 217 आणि 36 मिळून 253. भाडं यात धरलेलंच नाही, कारण या ऑर्डरनं ते वाढत नाही. तरीही किलोमागे तीन रुपये पदरचे जातात. दोन क्विंटलला सहाशे रुपये, वर रात्रीची जागरणं वेगळी.

"भाऊ, पावणेतीनशेच्या खाली परवडत नाही. आणि हा भाव आताचा. पावसाळ्यात हवा दमट असते, बॅचला एकोणीस तास लागतात. तेव्हा विजेचेच किलोला 43 होतात, भाव पुन्हा बोलावा लागेल."