आगीच्या अहवालातून चहा काढावा का?

मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याची गोष्ट सांगतो. नाव राहू द्या. ऐन उन्हाळ्यात रात्रपाळीला शेडमध्ये आग लागली. एका मागाची मोटर, दोन मागांवरचा ताणा आणि शेजारी रचलेला माल जळाला. एका कामगाराचा हात भाजला. सुपरवायझरने नऊ पानांचा अहवाल माझ्यापुढे ठेवला. पहिलं पान संपलं तरी मोटरचा पत्ता नाही! कारखाना कुणी काढला, माग किती, मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर कुणाच्या लग्नाला गेला, वॉचमनने चहा कधी आणला, हेच सगळं. मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाला, "साहेब, उद्या काही लपवलं असं कुणी म्हणायला नको."

मग आम्ही दोघं पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे तसं नसतं, तर आग लागली नसती का, कमी पसरली असती का, लवकर विझली असती का? तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं की वाक्यावर रेघ. कारखान्याचा इतिहास गेला. मागांची संख्या गेली. जॉबरपाशी मात्र अडलो. त्याच्या भाचीचं लग्न आगीला कारण नाही, पण तो पाळीवर नव्हता हे कारणाच्या अगदी जवळचं आहे. म्हणून लग्न गेलं, गैरहजेरी राहिली. अर्ध वाक्य ठेवायचं, अर्ध खोडायचं, असं बऱ्याचदा होतं.

सहाव्या पानावर एक ओळ होती: 'माग दोनदा बंद पडला, पुन्हा चालू केला.' बस, एवढंच. तीच ओळ घेऊन आम्ही शेडमध्ये गेलो. मोटरच्या पाटीवर २.६ अँपिअर लिहिलेलं आणि जास्त करंट गेला की मोटर बंद पाडणाऱ्या ओव्हरलोड रिलेची चकती ४ वर. बेअरिंग जाम झालेलं, मोटर जास्त करंट ओढत होती, म्हणून रिले तिला बंद पाडत होता. माग थांबला की मजुरी बुडते. जॉबर असता तर त्याने बेअरिंग पाहिलं असतं. तो नाही, म्हणून हेल्परने चकती फिरवली. मग रिले गप्प बसला, मोटर तापत गेली आणि तिच्यावर साचलेल्या कापसाच्या लवीने पेट घेतला. नऊ पानांच्या अहवालात हेच नव्हतं. जिथे सात शब्द होते तिथे आम्ही अख्खा परिच्छेद लिहिला.

न घडलेल्या गोष्टींचं काय? त्या रात्री शेडमध्ये वेल्डिंग चालू नव्हतं. आमच्या प्रश्नाने ही ओळही उडाली असती. पण शेडमध्ये आग म्हटलं की पहिला संशय वेल्डिंगवरच जातो, म्हणून ठेवली. ज्याचा संशय कुणालाच येणार नाही, ते 'नव्हतं' म्हणून लिहीत बसू नये. नाहीतर यादीला अंतच नाही.

आता माझी चूक सांगतो. 'दुपारपासून ह्युमिडिफायर बंद होता' ही ओळ मीच खोडली. वाटलं, उकाड्याची तक्रार असेल. तिथला एक जुना विणकर म्हणाला, "साहेब, हवा कोरडी झाली की सूत तुटतं, लव जास्त उडते, अन् वाळलेली लव लगेच धरते." ओळ परत घातली. तेव्हापासून खोडण्याआधी त्या कामावरच्या माणसाला एकदा वाचून दाखवतो.

मालकांनीही एक ओळ खोडली होती. अग्निशामक सिलिंडरसमोर सुताच्या कोनचे खोके रचलेले होते, ही. शेजारी लिहिलं होतं, 'विषयाशी संबंध नाही'. तोच प्रश्न त्यांना विचारला: खोके नसते तर? ते काही बोलले नाहीत. ओळ राहिली. अडचणीची गोष्ट आणि गैरलागू गोष्ट यांत गल्लत होते ती बहुतेक अशीच, आणि ती नेहमी लिहिणाऱ्याच्या वरच्या माणसाकडून होते.

भाजलेला कामगार ४८ तासांत कामावर येऊ शकला नाही, हे ठेवलं, कारण कायद्याप्रमाणे तशी दुखापत कळवावीच लागते. जळालेल्या टॉवेलांची डझनांतली मोजदाद विम्याच्या सर्व्हेअरसाठी वेगळ्या कागदावर गेली. सगळ्यांचे जबाब जसेच्या तसे मागे जोडले. खोडलेलं काहीच फेकलं नाही.

शेवटी अहवाल दोन पानांचा झाला. आगीआधीचे पाच-सहा तास तीन ओळींत, आणि जळका वास आल्यापासून मेन स्विच पडेपर्यंतची सात मिनिटं अर्ध्या पानात. कोण कुठे होतं, कुणाला आधी वाटलं की कोन करपतोय, स्विचपर्यंत कोण धावलं, सगळं.

सही करताना सुपरवायझर म्हणाला, "साहेब, चहा तरी काढायचा ना?" मी हो म्हणणार होतो. पण वास किती वाजता आला, हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. एवढंच आठवत होतं की चहा नुकताच आला होता. वॉचमनच्या वहीत चहावाल्याची नोंद होती, २ वाजून १० मिनिटं. मग वेळ वर लिहिली आणि चहा तळटिपेत गेला.