कागद ऐकू येतो तेव्हा

नमस्कार. “मी बोलत आहे का... श्रीमती... कुलकर्णी... यांच्याशी?”

श्रोतेहो, आडनावाच्या आधीची ती पोकळी तुमच्या ओळखीची असेल. बोलणाऱ्याची नजर कागदावरून स्क्रीनवर जाते, नाव शोधते आणि परत कागदावर येते. एवढ्यात आपल्याला कळतं, कुणीतरी वाचतंय. पुढे काय आहे ते ऐकायच्या आधीच आपण “नको” म्हणून मोकळे होतो.

मी गेली काही वर्षं असे कागद लिहिते. फोनवरून विक्री करणाऱ्या मुलामुलींसाठी. आमच्याकडे त्याला स्क्रिप्टच म्हणतात. आज त्यातल्या एका स्क्रिप्टची गोष्ट सांगते. पाणी शुद्ध करायच्या घरगुती मशीनचा वार्षिक देखभाल करार विकायचा होता. करार संपत आलेल्या घरांना फोन करायचे आणि “पुढच्या वर्षाचा घेता का” म्हणून विचारायचं. साधं काम. माझ्या हातात आलेला कागद मात्र असा होता, जरा ऐका.

“आपल्या वॉटर प्युरिफायरचा वार्षिक देखभाल करार लवकरच संपुष्टात येत असून, आपल्या कुटुंबाच्या आरोग्याच्या दृष्टीने त्याचे वेळेत नूतनीकरण करणे अत्यंत आवश्यक आहे. सदर करारांतर्गत आपणास वर्षातून तीन वेळा सर्व्हिसिंग, फिल्टर बदल तसेच बिघाड झाल्यास तंत्रज्ञाची विनामूल्य भेट या सुविधा मेंब्रेन व इलेक्ट्रिकल भाग वगळता देण्यात येतील. तरी आपण या संधीचा लाभ घेऊ इच्छिता का?”

व्याकरणात कुठे चूक नाही. पण हे कुणी बोलत नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. कागदावर त्याचं काही वाटत नाही, कारण डोळा मागे-पुढे जाऊ शकतो. कानाला ती सोय नाही. “सदर करारांतर्गत” पासून “देण्यात येतील” पर्यंत ऐकणारा सगळे तुकडे हातात धरून उभा असतो. काय होणार आहे ते कळतं शेवटी, आणि तोवर निम्मे तुकडे गळून गेलेले असतात.

वाचणाऱ्याचेही हालच. एवढं वाक्य एका श्वासात मावत नाही. मग श्वास भलत्याच जागी घेतला जातो, “तंत्रज्ञाची विना... मूल्य भेट” असा. वाचताय हे ओळखायची सगळ्यात पक्की खूण हीच. बोलताना माणूस बहुतेक वेळा अर्थ संपला की श्वास घेतो, असं लांबलचक वाक्य वाचताना हवा संपली की.

मी सुरुवात कागदापासून करत नाही. फोन करणाऱ्या दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवते. एकीच्या हातून कागद काढून घेते आणि सांगते, “हिच्या घरचं मशीन आहे असं समज. करार संपतोय हे तिला फोनवर सांग.” आणि ते रेकॉर्ड करते. पहिल्या खेपेला मुलगी जरा अडखळली आणि मग म्हणाली, “अगं, तुमच्या पाण्याच्या मशीनचा करार संपतोय या वीस तारखेला. पुढे चालू ठेवायचाय का?” दोन वाक्यं. “प्युरिफायर” गेलं, “पाण्याचं मशीन” आलं. “संपुष्टात” गेलं. “लवकरच” जाऊन तारीख आली. मी एक शब्दही सुचवला नव्हता. तोंडानं जिथे जिथे शब्द बदलला, तिथे तिथे कागदावरचा शब्द चुकीचा होता. मग तो बदलायचा.

आता एक खास आपल्या मराठीतली गोष्ट. आपण लिहिताना “केले, झाले, सांगितले” लिहितो आणि बोलताना “केलं, झालं, सांगितलं” म्हणतो. शाळेपासूनची सवय. पण फोनवर बोलणारीच्या पुढ्यात “आपले मशीन कसे चालले आहे” असं असेल, तर ती घाईत तसंच म्हणते. मात्रा जशीच्या तशी तोंडात येते. म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये सगळीकडे “चाललंय”, “येतंय”, “सांगितलं” असतं. अनुस्वारासकट. एका साहेबांनी “हे अशुद्ध आहे” म्हणून लाल पेनानं सगळं परत “चालले आहे” करून ठेवलं होतं. मी त्यांना म्हटलं, “घरी फोन करून तुम्ही ‘भाजी आणली आहे’ म्हणता का हो?” ते हसले, पण लाल पेन काही खाली ठेवलं नाही. मग त्यांना दोन्ही रेकॉर्डिंगं ऐकवली, तेव्हा ठेवलं.

“आपण”चंही तसंच. “आपणास” तर निमंत्रणपत्रिकेत शोभतं. “तुम्हाला” म्हटलं की पुरेसा आदर होतो. पण सलगीही नको. एक मुलगा समोरच्या बाईंना “काकू” म्हणायला लागला. बाई पस्तिशीच्या असाव्यात. फोन तिथेच संपला.

तर त्या कागदाचं पुढे असं झालं.

“नमस्कार, कुलकर्णी मॅडम का?” इथे थांबायचं. नाव डायल करायच्या आधीच वाचून ठेवायचं, म्हणजे ती पोकळी राहत नाही.

“मी सर्व्हिस सेंटरमधून बोलतेय, तुमच्या पाण्याच्या मशीनच्या. एक मिनिट बोलू का आत्ता?” पुन्हा थांबायचं. आणि त्या “नाही” म्हणाल्या तर खरंच ठेवायचं, “कधी करू?” एवढं विचारून.

“तुमचा करार वीस तारखेला संपतोय.”

“पाणी कसं येतंय सध्या?”

या शेवटच्या प्रश्नावर आमच्याकडे बराच वाद झाला. आधीच्या कागदावरही प्रश्न होता, “आपण कसे आहात?” त्याच्या उत्तराचं कुणालाच काही करायचं नव्हतं. बाई म्हणाल्या “बरी आहे” तरी पुढचं वाक्य तेच, “बरी नाही” म्हणाल्या तरी तेच. असा प्रश्न कागदाचा वास देतो. पाणी कसं येतंय याचं उत्तर मात्र पुढचा रस्ता ठरवतं. धार बारीक झाली असेल, टाकी भरायला फार वेळ लागत असेल, तर प्री-फिल्टर तुंबलेला असू शकतो किंवा मेंब्रेन. मेंब्रेन म्हणजे पाण्यातले क्षार अडवणारा तो गुंडाळीसारखा भाग, मशीनमधल्या महाग भागांपैकी एक. आमच्याकडे करार दोन प्रकारचे होते, मेंब्रेन धरून आणि मेंब्रेन सोडून. धार बारीक आहे म्हणाल्या की दोन्हींतला फरक सांगायचा आणि आधी माणूस येऊन बघून जाऊ दे म्हणायचं. पाणी चांगलं येतंय म्हणाल्या तर साधा करार आधी.

म्हणून माझी स्क्रिप्ट वरून खाली वाचायची नसतेच. एका पानावर सात-आठ चौकोन. प्रत्येकात एकच ओळ मोठ्या अक्षरात, आणि खाली ग्राहक बहुतेक काय म्हणतो ते. “यांना विचारून सांगते.” “किती पैसे?” “आत्ता नको.” आणि हमखास येणारं, “माझा नंबर कुठून मिळाला?” त्याला खरं उत्तर एकच आहे, आणि तेच लिहायचं: “मशीन घेताना तुम्ही बिलावर दिला होता.”

पैशांची ओळ सगळ्यात जास्त वेळा बदलली. फोनवर आवाजाचा मधला पट्टाच नीट येतो, वरचा बारीक भाग कापला जातो, त्यामुळे जवळचे ध्वनी एकमेकांत मिसळतात. त्यात आपले मराठी आकडे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, नव्वद आणि नव्याण्णव. समजा करार २,९९९ रुपयांचा आहे. “दोन हजार नऊशे नव्याण्णव” हे म्हणताना जीभ अडखळते आणि ऐकताना समोरून “किती?” येतंच. आम्ही लिहिलं, “तीन हजार. एक रुपया कमी. जीएसटी यातच आला.” इथे तीन पूर्णविराम मुद्दाम आहेत. पैशांच्या ओळीनंतर गप्प बसायचं, हेही चौकोनात लिहिलेलं असतं. नाहीतर घाबरून मुली लगेच सवलतीचं सांगायला लागतात.

आता माझी चूक. वाक्यं छोटी करायच्या नादात मी एक ओळ अशी लिहिली होती: “सर्व्हिस, फिल्टर, माणूस घरी येणं, सगळं यात येतं.” बोलायला झकास. कुठे अडखळायला होत नाही. विक्रीही वाढली. दोन महिन्यांनी फोन उलटे यायला लागले. मेंब्रेन बदलायला आलेल्या माणसानं पैसे मागितले, आणि लोक म्हणाले, “तुमची पोरगी म्हणाली सगळं येतं.” पोरगी बरोबर होती. तिनं माझीच ओळ म्हटली होती. जुन्या कागदावर “मेंब्रेन व इलेक्ट्रिकल भाग वगळता” हे निदान कुठेतरी पुरलेलं तरी होतं, मी ते काढूनच टाकलं होतं. काही जणांचे पैसे परत करावे लागले.

तेव्हापासून काही छाटायच्या आधी मी जुन्या कागदावरच्या अटींखाली रेघ मारते. काय येत नाही, किती दिवस, किती पैसे, फोन रेकॉर्ड होतोय का. यातलं एकही कमी करायचं नाही. तुकडे करायचे, गाळायचं नाही. ती ओळ आता अशी आहे: “वर्षात तीन सर्व्हिस. फिल्टर यात येतो. मेंब्रेन येत नाही, आणि मोटर, वायरिंग पण नाही. ते लागलं तर वेगळे पैसे.” आणि “नाही” वर जरा जोर. कुणी म्हणालं, यानं लोक नको म्हणतील. काही म्हणतातही.

“हं”, “बरं का”, “ना” हे शब्द मात्र मी कागदावर लिहीत नाही. एकदा लिहून बघितले. दुसऱ्या दिवशी बारा जणींच्या बारा फोनमध्ये “बरं का” एकाच जागी, एकाच सुरात. ते ज्याचं त्यानं आणायचं. लातूरचा मुलगा त्याच्या हेलात बोलला तर बोलू द्यायचं. पुण्याचा हेल त्याच्या तोंडी दिला की तो पुन्हा वाचायलाच लागतो.

खरं तर मीही आत्ता स्टुडिओत कागद घेऊनच बसलेय. तुम्हाला तो किती वेळा ऐकू आला, ते तुम्हीच जाणे.

आमच्या पानावरचा शेवटचा चौकोन “नको” म्हणणाऱ्यांसाठी आहे. आधी तिथे “आपला बहुमूल्य वेळ दिल्याबद्दल धन्यवाद, आपला दिवस शुभ जावो” असं होतं. ते म्हणेपर्यंत लोक फोन ठेवून टाकायचे. आता तिथे एवढंच आहे: “बरं. धार बारीक झाली किंवा पाण्याची चव बदलली तर फोन करा. ठेवते.”