"त्रास दिला" एवढंच लिहून भागत नाही

(सांगलीत नोकरदार महिलांच्या एका मेळाव्यात केलेलं भाषण, टाइप करताना थोडं सरळ केलंय.)

मागे आवाज येतोय ना? बरं. संयोजकांनी मला विषय दिलाय कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा, म्हणजे २०१३ चा कायदा, तक्रार कुठे करायची वगैरे, आणि वेळ दिलाय वीस मिनिटं. कायद्यावर येतेच, पण त्याआधी माझं एक जुनं दुखणं आहे ते ऐकून घ्या, वह्यांचं.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींकडे वही असते. आत काय, तर "आज परत त्रास दिला", "आज पण घाणेरडं बोलले", "खूप रडले". खोटं काहीच नाही त्यात. पण तक्रार ऐकणारी समिती पहिला प्रश्न विचारते, नक्की काय बोलला? आणि तिथं वकील आत नेता येत नाही हं, मी बाहेर बाकड्यावर, आत तुम्ही एकट्या. चार महिन्यांपूर्वीचं वाक्य तेव्हा आठवत नाही, आणि आपल्याकडच्या बायका शिवी लिहितानाही टिंबं टिंबं देतात. अहो, त्याने टिंबं दिली होती का? पूर्ण लिहा, वही काय देवघरात ठेवायचीय?

तर एक मुलगी, यार्डात हळदीच्या पेढीवर हिशोब लिहायची. तपशील बदललेत मी, तेव्हा तिसऱ्या रांगेने पेढी कुठली याचा अंदाज बांधणं थांबवा. मालकाचा पुतण्या मागे लागलेला. हिचीही पहिली पानं तसलीच, मग आम्ही बसून पद्धत ठरवली, त्यानंतरची ही नोंद:

"मंगळवार, ११ मार्च २०२५. अंदाजे साडेपाच. मी वजनाच्या पावत्या जुळवत होते, बाहेर शेवटचा टेम्पो भरत होता. तो खुर्चीमागे आला, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला, म्हणाला, 'एवढ्या लवकर घरी जाऊन काय करतेस, थांब की, पगाराचं बघतो तुझ्या.' मी हात झटकून उठले. दारात हमालमामा होते. हात ठेवलेला त्यांनी बघितला का माहीत नाही, मी उठलेली बघितली. रात्री नऊला घरी लिहिलं."

आता बघा. "अंदाजे" लिहिलंय ते बरोबरच केलं, कारण उगाच पाच वाजून बत्तीस लिहिलं असतं आणि तो तेव्हा बँकेत निघाला असता तर पुढचं सगळंच संशयात. टेम्पो लिहिला म्हणून वेळ शोधता येते, माल गेल्याची पावती असतेच. मामांबद्दल बघितलं तेवढंच लिहिलं, त्यामुळे मामांना विचारलं की दोघांचं जुळतं. पगाराचं वाक्य तर सोन्यासारखं, कारण नोकरीत फायद्याचं आमिष, सुचवलेलं असलं तरी, कायद्यात वेगळं सांगितलंय. "घाणेरडं बोलला" लिहिलं असतं तर हे गेलंच असतं की नाही? आणि शेवटची ओळ, कधी लिहिलं ते. दोन दिवसांनी लिहिलं तर दोन दिवसांनी असंच लिहा. चुकलं तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, व्हाइटनर नको, पान फाडायचं नाही. शिवलेली वही घ्या, सुट्टे कागद नकोत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अजून कायदा राहिलाच की! भरभर सांगते.

ही वही वेगळी ठेवा, त्यात सासूबाई, भिशी, किराणा नको, कारण तक्रारीची प्रत आणि तिच्यासोबत जोडलेलं सगळं समोरच्याला मिळतं. पण रजा घ्यावी लागली, डॉक्टरकडे गेलात, तर तारीख आणि बिल जोडा, भरपाई ठरवताना ते बघतात. वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, त्याच रात्री पानाचा फोटो बहिणीला पाठवा.

व्हॉट्सॲपवर काही आलं तर स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि तारीख दिसू दे, पण मूळ मेसेज उडवू नका आणि फोन विकू नका, स्क्रीनशॉटवर शंका घेतली तर मूळ फोनच दाखवावा लागतो. डिसअपिअरिंग मेसेज चालू आहे का ते आज घरी जाऊन बघा. सीसीटीव्हीवर जुनं पुसून नवं चढतं, कुठे महिन्यात, कुठे त्याच्याही आधी, म्हणून फुटेज राखून ठेवा असं लेखी द्या, पोच घ्या.

मुदत तीन महिने, घटनेपासून, सारखं घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून. कारण पटलं तर समिती अजून तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. दहापेक्षा कमी माणसं असतील, जशी या पेढीवर होती, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, कलेक्टर ऑफिसात विचारा. आणि तक्रार केल्यावर त्यातलं काही स्टेटसला टाकायचं नाही, कायद्याने बंदी आहे.

हो हो, उठतेय. तक्रारीच्या सहा प्रती लागतात, साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून. झेरॉक्स मूळ वहीची काढा, वही मात्र कुणाच्याही हातात देऊन येऊ नका, नुसती दाखवा.