पेन्सिल एक जागा दाखवते, दोरा दुसरी

[दृश्य: टेबलावर थर्माकोलला चिकटवलेला नकाशा, शेजारी लोखंडी नट]

हे मुंबई, हे पुणे, वर नाशिक. तिन्हीकडे माल पोचवायला एकच गोदाम बांधायचंय. आठवड्याला मुंबईला 50 गाड्या, पुण्याला 30, नाशिकला 20 असं धरू. दर दहा गाड्यांमागे एक नट.

[दृश्य: पेन्सिलीच्या टोकावर डुलणारा नकाशा]

थोडं डावीकडे... जमलं. तोल साधला तो गुरुत्वमध्य. कागदावर हेच करायचं तर प्रत्येक शहराचा अक्षांश त्याच्या गाड्यांनी गुणायचा, बेरीज करायची आणि एकूण गाड्यांनी भागायचं. 19.08 ला 50 ने, 18.52 ला 30 ने, 20.00 ला 20 ने गुणलं. बेरजेला 100 ने भागून उत्तर आलं 19.10. रेखांशही तसाच काढला, 73.36.

[दृश्य: ड्रोन, डोंगर आणि भातखाचरं]

तो बिंदू इथे पडतो, नेरळच्या ईशान्येला. पुणे सरळ रेषेत 83 किलोमीटर. पण समोर सह्याद्री उभा आहे. ट्रकला दक्षिणेला वळसा घालून बोरघाटच गाठावा लागतो. ही अडचण नकाशा पाहणाऱ्या कुणालाही दिसते. खरी गोम मात्र सपाट जमिनीवरही सुटत नाही.

[दृश्य: फळीला तीन भोकं, तीन दोरे वर एका गाठीत बांधलेले, खाली लटकणारे नट]

तेच नट, तीच शहरं. गाठ मधोमध धरली, सोडली. बघा, सरकतेय. मध्येच अडली तर फळीला टिचकी मारायची, दोरा घासतो तिथे. गाठ थेट मुंबईच्या भोकावर जाऊन बसली!

पेन्सिलीचा बिंदू अंतराच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करतो. लांबचं शहर त्यात वाजवीपेक्षा जास्त ओढतं. भाडं मात्र अंतराच्या वर्गावर नाही, किलोमीटरवर लागतं, आणि तो हिशेब दोरा करतो. एकाच शहराची मागणी निम्मी किंवा त्याहून जास्त असेल, तर सरळ अंतराने सर्वांत स्वस्त जागा म्हणजे तेच शहर. आपल्या उदाहरणात गुरुत्वमध्यापासून गाडी-किलोमीटर भरतात सुमारे 7,200, मुंबईतून 6,400.

फळीशिवायही गाठ सापडते. गुरुत्वमध्यापासून सुरुवात करायची, प्रत्येक शहराच्या गाड्यांना तिथून त्या शहरापर्यंतच्या अंतराने भागून नवे भार घ्यायचे, पुन्हा सरासरी काढायची. बिंदू सरकायचा थांबेपर्यंत हेच. ही रीत 1937 साली वाइसफेल्ड यांनी मांडली. तरी कित्येक तक्ते पहिल्याच सरासरीवर थांबतात आणि तिलाच सर्वांत स्वस्त जागा म्हणतात.

[दृश्य: भिवंडी, पहाट, गोदामांसमोर ट्रकच्या रांगा]

मुंबईतली जागा परवडत नाही, म्हणून गोदामं इथे आली. नाशिकचा महामार्ग जवळ, आणि 2017 मध्ये जीएसटी येईपर्यंत हद्दीबाहेर ठेवलेल्या मालाला मुंबईची जकातही लागायची नाही.

[दृश्य: शटर वर जातं, पहिला ट्रक मागे लागतो. निवेदन नाही.]