दुबईच्या नोकरीसाठी एजंटला पैसे देताय? आधी ऑफर लेटर बघा

नमस्कार मंडळी, आज फक्त दुबईच्या नोकरीबद्दल बोलूया, कारण रत्नागिरी, खेड, चिपळूणकडची कितीतरी पोरं एसी मेकॅनिक, वेल्डर, ड्रायव्हर म्हणून तिकडे जातात आणि बहुतेकांची सुरुवात गावातल्या ओळखीच्या माणसापासूनच होते. तो म्हणतो व्हिसा माझ्या हातात आहे, एक लाख दहा हजार दे, पंधराशे दिरहम पगार, जेवण आणि राहणं फ्री.

इथेच थांबा. भारत सरकारच्या नियमाप्रमाणे रजिस्टर्ड एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये घेता येतात, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे झाले 35,400. तेही बँकेतून द्यायचे आणि पावती घ्यायची. आणि यूएईचा 2021 चा कामगार कायदा तर सांगतो की भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही. मग "व्हिसाचे पैसे" म्हणून जे वरचे मागतात ते कशाचे, हे त्याला सरळ विचारा.

तो गावातला माणूस म्हणेल की मुंबईत आमचं लायसन्सवालं ऑफिस आहे. असेल, पण emigrate.gov.in वर एजंटांची यादी आहे, त्यात त्या ऑफिसचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर शोधा, लायसन्स चालू आहे की संपलंय की सस्पेंड झालंय तेही तिथे दिसतं. सापडलं तर स्वतः त्या ऑफिसमध्ये जा आणि विचारा की हा माणूस तुमचाच का, आणि ज्या कंपनीत पाठवताय तिने माणसं मागवल्याचं पत्र, म्हणजे डिमांड लेटर, दाखवा. सब-एजंट नेमून भरती करायला कायद्यात परवानगीच नाही, त्यामुळे त्या माणसाच्या हातात रोख रक्कम दिलीत तर पुढे तुमच्याकडे पुरावा काहीच राहत नाही.

आता कॉन्ट्रॅक्ट. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण खरा घात इथे होतो. एजंटने इथे दिलेला कागद हा कॉन्ट्रॅक्ट नसतो. यूएईत मालकाला तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर द्यावं लागतं, ते हिंदीतही मिळतं, आणि नंतरचं कॉन्ट्रॅक्ट त्याच्याशी जुळायला लागतं. तेच मागा, निघायच्या आधी, विमानतळावर नाही. त्यावरचा ट्रान्झॅक्शन नंबर mohre.gov.ae वर टाकून बघता येतो.

आणि त्यात बेसिक किती ते वाचा. समजा तोंडी पंधराशे सांगितले, पण लेटरमध्ये बेसिक 800 आणि भत्ता 300, म्हणजे एकूण 1,100, आणि जेवणाचा उल्लेखच नाही. दिरहम 23 रुपये धरला तर हे 25,300 झाले. जेवणाला 400 दिरहम गेले की हातात उरतात 16,100. इकडे एक लाख दहा हजार महिना 3 टक्क्यांनी काढलेत, तर पहिल्या महिन्याचं व्याजच 3,300. घरी दहा हजार पाठवले की कर्जाला उरतात 6,100, आणि स्वतःच्या खर्चाला एक पैसा न ठेवता हे सगळे भरत राहिलात तरी दोन वर्षांत कर्ज पूर्ण फिटत नाही. वर ओव्हरटाइम आणि नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी दोन्ही बेसिकवर मोजतात, एकूण पगारावर नाही, म्हणून बेसिक कमी ठेवलं की पुढचं सगळंच कमी होतं.

अजून एक, दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआर असतो, म्हणजे यूएईत नोकरीला जायच्या आधी इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. काही एजंट हे टाळायला व्हिजिट व्हिसावर पाठवतात, तिकडे गेल्यावर बदलून देतो म्हणतात. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदेशीर आहे, मालकाने पगार बुडवला तर दाखवायला कॉन्ट्रॅक्टही नसतं. शिवाय क्लिअरन्सबरोबर जो प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचा, दोन वर्षांचा हप्ता फक्त 275 रुपये, तोही सुटतो.

पैसे आधीच देऊन बसला असाल तर व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, ट्रान्सफरचे स्क्रीनशॉट, त्याने दिलेले कागद काहीही डिलीट करू नका, आणि पासपोर्ट त्याच्याकडे असेल तर आधी तो परत मागा. तक्रार ई-मायग्रेटवर टाका, पोलीस स्टेशनलाही लेखी द्या. तिकडे जाऊन अडकलेल्यांसाठी भारतीय वकिलातीचं मदत केंद्र दुबईत आहे, आणि इथून विचारायचं असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर 1800 11 3090. लेटरमधली एखादी ओळ कळत नसेल तर नाव आणि पासपोर्ट नंबर झाकून कमेंटमध्ये तेवढी ओळ टाका, आपण बघू.