पाचपैकी चार वेळा चौथा मजला

(दृश्य: वडोदरा, दांडिया बाजारातली सात मजली सोसायटी. लिफ्टच्या दारावर ‘लिफ्ट बंद छे’ असा कागद.)

निवेदन:
ऑगस्टमध्ये इथली लिफ्ट पाच वेळा अडकली. कमिटीच्या बैठकीत आवाज चढले. कुणी म्हणालं, देखभालीच्या कंत्राटदाराचं बिलच देऊ नका. सेक्रेटरी काकांनी मात्र वॉचमनची वही मागवली.

(दृश्य: वहीचं पान.)

कंत्राटदाराच्या सर्व्हिस कार्डावर दर वेळी एवढंच लिहिलेलं: ‘लिफ्ट चालू केली’. कारण कुठेच नाही. वॉचमनने मात्र वेळ आणि मजला टिपला होता. पाचपैकी चार वेळा चौथा मजला.

हा धागा महत्त्वाचा. प्रत्येक मजल्यावरच्या दाराच्या लॉकला एक कॉन्टॅक्ट असतो. दार नीट बंद झालं की तो जुळतो आणि सेफ्टी सर्किट पूर्ण होतं. लॉकचा रोलर झिजला की चालत्या लिफ्टमध्येही कॉन्टॅक्ट सुटतो. मग लिफ्ट थांबते. तिने थांबायलाच हवं. मेकॅनिक येतो, कॉन्टॅक्ट पुसतो, लिफ्ट चालते. झिजलेला रोलर तसाच राहतो.

(दृश्य: कराराची प्रत, पेन्सिलीच्या खुणा.)

करार कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, म्हणजे भाग बदलण्याचा खर्च कंत्राटदाराचा. दंडाचं कलम सांगतं: महिन्यात तीनपेक्षा जास्त बिघाड झाले, तर पुढच्या प्रत्येक बिघाडामागे तिमाही बिलाच्या पाच टक्के कपात. बिल 18,000 रुपये, जास्तीचे बिघाड दोन. कपात 1,800.

एका सभासदाला मनस्तापाचे पन्नास हजार मागायचे होते. राग समजण्यासारखा आहे, पण भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्या आत जे वाजवी, तेवढंच मिळतं. फुगवलेला आकडा कंत्राटदाराला द्यायची नोटीसच हलकी करतो.

नोटिशीत पाचही बिघाडांची तारीख, कळवल्याची वेळ, माणूस आल्याची वेळ आणि मजला आहे. मुख्य मागणी: पंधरा दिवसांत चौथ्या मजल्याचं लॉक बदला आणि कारण लेखी कळवा. तसं झालं नाही, तर करारातल्या तरतुदीप्रमाणे तीस दिवसांची मुदत देऊन करार संपवू. दंड आणि करारसमाप्ती, दोन्हींची कलमं वेगवेगळी लिहिली आहेत.

नोटीस पाठवण्याआधी काकांनी जुनी थकबाकी चुकती केली. ‘तुम्हीच पैसे थकवलेत’ हे उत्तर ठरलेलंच असतं. वीज कमी-जास्त झाली, हे दुसरं. पण विजेचा दोष एकाच मजल्यावर कसा येईल?

नोटीस कमिटीच्या ठरावासह, करारातल्या पत्त्यावर पोहोचपावतीसह टपालाने गेली.

(दृश्य: मशीन रूम, कंट्रोलरचं पॅनेल.)

करार मोडायची वेळ आलीच, तर आणखी एक अडचण आहे. लिफ्ट चालवणाऱ्या कंट्रोलरचा पासवर्ड याच कंत्राटदाराकडे आहे. पासवर्ड, दारांच्या किल्ल्या आणि वायरिंगचा नकाशा शेवटच्या बिलाआधी सोसायटीकडे द्यावा, हे काकांनी नोटिशीच्या शेवटच्या परिच्छेदात टाकलं आहे.